विक्री पावणेतीनपट, शिल्लक दोन हजार जास्त : एका किराणा दुकानाचं प्रकरण

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक किराणा दुकान आहे. नाव देत नाही. आकडेही हिशेब कळावा म्हणून गोल केले आहेत. लहान दुकानांचे हिशेब बघणं हे माझं रोजचं काम. त्यात या दुकानाच्या वह्या मला फार बोलक्या वाटतात. दुकानाची महिन्याची विक्री ४ लाखांवरून ११ लाखांवर गेली, आणि खर्च वजा जाता घरात राहणारी रक्कम २४ हजारांवरून २६ हजार झाली. मधल्या काळात मालकाने कर्ज काढलं होतं, माणसं वाढवली होती आणि दुकानावर ‘मार्ट’ अशी पाटी लावली होती.

असं का होतं, याचं एक उत्तर अमेरिकेतल्या हार्वर्डच्या माल्कम मॅकनेअर या प्राध्यापकाने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात मांडलं. किरकोळ व्यापाराचं चाक, असं त्याला म्हणतात. नवं दुकान साधेपणाच्या जोरावर बाजारात शिरतं. सजावट नाही, सेवा नाही, नफा थोडा आणि म्हणून भाव कमी. गिऱ्हाईक वळलं की तसंच दुसरं दुकान निघतं. मग त्या दोघांत भावावर भांडता येत नाही, म्हणून एकजण दिवे लावतो, दुसरा घरपोच देतो, तिसरा जागा वाढवतो. प्रत्येक गोष्टीचा खर्च भावात चढतो. काही वर्षांनी तेच स्वस्त दुकान महाग झालेलं असतं आणि त्याच्या खाली एक मोकळी जागा तयार होते. त्या जागेत नवा साधा माणूस शिरतो.

याचं पुस्तकी उदाहरण म्हणजे किंग कलन हे दुकान. मायकेल कलन हा एका मोठ्या किराणा साखळीत नोकरी करत होता. त्याने वरिष्ठांना पत्र लिहून एक योजना कळवली : ३०० वस्तू खरेदीच्या भावात विकू, २०० वस्तूंवर ५ टक्के चढवू, ३०० वर १५ आणि उरलेल्या ३०० वर २० टक्के. कुणी दाद दिली नाही. मग त्याने १९३० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका रिकाम्या गॅरेजमध्ये स्वतःच दुकान उघडलं. मंदीचे दिवस होते. गिऱ्हाइकाने माल स्वतः उचलायचा, रोख द्यायचे, स्वतः घेऊन जायचा. स्वतः माल उचलण्याची पद्धत १९१६ सालच्या मेम्फिसमधल्या पिगली विगली या दुकानापासून होतीच. कलनने तिला मोठी जागा, पाडलेला भाव आणि गाडी लावायची सोय जोडली. पुढे या सुपरमार्केटांमध्येच वातानुकूलन आलं, बेकरी आली, सजावट आली, आणि त्यांच्या खाली पुन्हा सवलतीची दुकानं उभी राहिली.

आता आपल्या दुकानाकडे येऊ.

फळकुटापासून मार्टपर्यंत

२०१७ पर्यंत हे जुन्या धाटणीचं दुकान होतं. जागा घरची, पुढे फळकूट, मागे कणग्या आणि पोती. वडील गल्ल्यावर, मुलगा तराजूवर, आई दुपारी शेंगदाण्याच्या आणि डाळीच्या पुड्या बांधायची. एक नोकर. महिन्याला ४ लाखांची विक्री, तीवर सरासरी १० टक्के सुटायचे, म्हणजे ४० हजार. नोकराचे ७ हजार, विजेचे दीड, हमाली, टेम्पो आणि बारदाना मिळून ४, उंदीर-किडे आणि बुडालेली उधारी धरून साडेतीन. झाले १६ हजार. उरले २४.

विक्रीच्या ४ टक्के खर्च. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण यावर फिरतं. दुकानात १०० रुपयांचा माल विकायला फक्त ४ रुपये लागत होते. खरं तर जास्त लागत होते. तीन माणसं दिवसाला बारा-बारा तास राबत होती आणि त्यांचा पगार कुठल्याच वहीत नव्हता, जागेचं भाडं नव्हतं. पण वहीत नसलेला खर्च भावात चढत नाही, एवढंच गिऱ्हाइकाला दिसतं.

२०१८ च्या दिवाळीआधी मुलाने शेजारचा हॉल भाड्याने घेतला. अठराशे चौरस फूट, लोखंडी रॅक, बारकोडचं बिलिंग, चार कॅमेरे, दोन एसी, एक डीप फ्रीझर. “आण्णा, लोक आता आत फिरून घेतात, तुम्ही पुड्या बांधत बसा,” असं तो वडिलांना म्हणाल्याचं वडीलच सांगतात, हसून नव्हे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पहिल्या वर्षातच विक्री ११ लाखांवर गेली. शेजारच्या दोन-तीन गावांतल्या शिक्षकांची, तलाठ्यांची, बँकेतल्या लोकांची घरं महिन्याचं सामान तिथून भरू लागली. क्रीम-पावडरी, प्लास्टिकचे डबे, टिफिन, खेळणी असा जास्त मार्जिनचा माल ठेवल्यामुळे सुटणारी टक्केवारीही १० वरून १३ झाली. महिन्याला १ लाख ४३ हजार.

खर्च मात्र असा होता : भाडं २२ हजार, सहा माणसांचे पगार ५१ हजार, वीज १४ हजार, कर्जाचं व्याज १८ हजार, आणि पिशव्या, मशीनची दुरुस्ती, मुदत संपलेला माल, रॅकवरून गायब होणारा माल असे १२ हजार. बेरीज १ लाख १७ हजार. उरले २६.

शंभराच्या मालाला आता साडेदहा रुपये लागत होते. मॅकनेअरच्या चाकाचा वर जाणारा भाग म्हणजे हाच, आणि तो आतून कधीच चूक वाटत नाही. एसी लावला नाही तर मे महिन्यात आत कोण थांबणार? कॅमेरे नसतील तर चोरी कशी धरणार? प्रत्येक खर्चाला रास्त कारण होतं. बेरजेला कुणी बघत नव्हतं.

मालकाला न जाणवलेला धोका असा : ४ टक्क्यांत चालणारं दुकान भाव पाडूनही जगतं. साडेदहावर गेलेल्याला १३ सुटलेच पाहिजेत. त्यात अडीच टक्क्यांची फट उरते.

मराठवाड्यात चाक उलटं का वाटतं

इथे एक हरकत घ्यायला हवी. मॅकनेअरच्या म्हणण्यात जुनं दुकान महाग असतं आणि नवं स्वस्त. आपल्याकडे जुनं किराणा दुकान मुळातच स्वस्तात चालणारं, आणि तरीही उधारी, घरपोच सामान, पावशेर तेल, दोन रुपयांची हळद अशी सेवा देणारं. अमेरिकेत सेवा म्हणजे खर्च होता. इथे सेवा घरच्या माणसांच्या अंगावर होती.

स्टॅन्ली हॉलंडर या अभ्यासकाने १९६० मध्येच यावर बोट ठेवलं होतं. अविकसित देशांत सुपरमार्केट वगैरे प्रकार वरच्या उत्पन्नाच्या मोजक्या लोकांसाठी आणि वरच्या भावाने आले, म्हणजे चाकाच्या नियमाच्या उलट, असं त्याचं निरीक्षण आहे. आपल्याकडच्या पहिल्या मॉलांनाही ते बऱ्यापैकी लागू होतं. औरंगाबादेत प्रोझोन मॉल २०१० साली उघडला, तेव्हा तिथे तूरडाळ स्वस्त मिळते म्हणून कुणी जात नव्हतं.

लातूरकरांना बाजाराची जुनी रचना वेगळीच माहीत आहे. १९१७ सालची गंजगोलाई म्हणजे मधोमध गोल इमारत आणि तिच्याभोवती फुटणारे सोळा रस्ते. सराफ एकीकडे, चपला एकीकडे, मिरची-गूळ एकीकडे. एका मालाची दुकानं शेजारी-शेजारी, म्हणजे भाव आपोआप उघडे. सुपरमार्केटने ही सगळी वाट एका छताखाली आणली, पण भावाची तुलना मात्र त्याच छताखाली बंद केली.

मग तालुक्यातल्या मार्टला खालून धक्का कुणी दिला?

पहिल्या आठवड्याची विक्री

२०२१ मध्ये चाळीस किलोमीटरवर, जिल्ह्याच्या ठिकाणी एक मोठं सवलतीचं दालन उघडलं. गावातून रोज बस, शनिवार-रविवारी जीप. लोक महिन्यातून एकदा जाऊ लागले.

अशा दालनांची पद्धत आपल्याकडे डीमार्टने रुळवली. त्यांचं पहिलं दुकान २००२ साली पवईत निघालं. जागा शक्यतो स्वतःची, सजावट बेताची, चालणाराच माल, आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. त्यांना विक्रीवर सुमारे १५ टक्के सुटतात, म्हणजे आपल्या मार्टपेक्षा जास्तच. तरी भाव कमी कसा? लोक इथे गोंधळतात. साबणाच्या एका पाकिटावर छापील किंमत १०० समजा. गावच्या दुकानदाराला ते एजन्सीकडून ९१ ला पडतं. तो ९८ ला विकतो, सुटतात ७. मोठं दालन कंपनीकडून थेट घेतं, मधल्या एजन्सीचा वाटा आणि गाडीभर मालाची सूट धरून त्याला ८२ च्या आसपास पडतं. ते ९४ ला विकतं आणि तरीही १२ कमावतं. आपल्या माणसाने सगळा नफा सोडून ९१ ला विकलं तर तो भाव त्या दालनापेक्षा तीनच रुपयांनी कमी होईल, आणि त्याच्या पाकिटामागचा साडेदहा रुपयांचा खर्च तसाच राहील.

हा धक्का कसा ओळखायचा, ते या वह्यांत नीट दिसतं. एकूण विक्री ११ लाखांवरून साडेआठवर आली, पण बिलांची संख्या जवळपास तेवढीच राहिली, महिन्याला सव्वाचार-साडेचार हजार. म्हणजे गिऱ्हाईक येतच होतं. सरासरी बिल मात्र २५० वरून २०० झालं. मुलाला वाटलं महागाई आहे, लोक हात आखडतात. मी त्याला तारखेनुसार विक्री काढायला लावली. आधी १ ते ७ तारखेत महिन्याच्या ४५ टक्के विक्री व्हायची, आता ३० टक्के. रुपयांत बघितलं तर पहिल्या आठवड्यात २ लाख ४० हजारांची घट होती आणि सगळ्या महिन्यात मिळून अडीच लाखांची. म्हणजे जवळपास पूर्ण तोटा महिन्याच्या सामानाच्या यादीतला. तेलाचे डबे, साखर, चहा, धुण्याची पावडर, साबणाचे बंडल जिल्ह्याला गेले होते. उरलेले तीन आठवडे संपलेलं मीठ आणि ऐनवेळचं कोथिंबीर-दही घ्यायला लोक इथेच येत होते.

साडेआठ लाखांवर १३ टक्के म्हणजे १ लाख १० हजार. एक माणूस कमी केल्यावर खर्चही १ लाख ८-१० हजारांवर आला. घरात काही नाही.

ऑनलाइनने वरचा घास घेतला

मार्टवर दुसरी बाजूही उघडी होती. गावात कुरिअरवाले रोज फिरू लागले, आणि घरोघरी पोचणाऱ्या पाकिटांत साखर नव्हती. मोबाइलचे कव्हर, कुर्ती, लिपस्टिक, भाजी चिरायचं यंत्र, मुलांची खेळणी होती. दुकानाची टक्केवारी १० वरून १३ वर ज्या मालाने नेली, नेमका तोच माल. जिल्ह्याच्या दालनाने जड आणि स्वस्त माल नेला, ऑनलाइनने हलका आणि मार्जिनवाला. २०२३ पर्यंत सरासरी ११ वर आली.

ऑनलाइन बाजार चाकात कुठे बसतो, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तकांपासून सुरुवात केली आणि २०१० मध्ये माल हातात आल्यावर पैसे घ्यायची सोय दिली. कार्ड नसलेल्या आपल्यासारख्या गावांना हे दार त्या सोयीनेच उघडलं. वरवर पाहता हा मॅकनेअरचाच नवा माणूस : दुकान नाही, सजावट नाही, भाव कमी. पण मॅकनेअरच्या नव्या माणसाचा भाव कमी असतो तो त्याचा खर्च कमी असतो म्हणून. इथे चाळीस रुपयांचं कव्हर शेकडो किलोमीटरवरून घरपोच येतं, तेव्हा खर्च कमी नसतो. तो बराच काळ गुंतवणूकदारांनी सोसला. म्हणून अशा भावाशी बरोबरी करू बघणारा दुकानदार चुकीच्या गोष्टीशी भांडतो. समोरच्याच्या खर्चाशी नव्हे, त्याच्या भांडवलाशी तो भांडत असतो.

मात्र वर चढण्याचा भाग इथेही दिसतो. आधी सगळं फुकट घरपोच, मग ठरावीक रकमेखाली पाठवणीचे पैसे, मग प्लॅटफॉर्म फी, विक्रेत्याकडून कमिशन आणि जाहिरातीचे पैसे. आणि खाली जागा झाल्याबरोबर मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांना शून्य कमिशन देऊन तिथे शिरकाव केला. सुरतेच्या साड्या आमच्या गावात याच मार्गाने आल्या.

एक गोष्ट मुलाच्या लवकर लक्षात आली. परत पाठवायची सोय दुकानापेक्षा ऑनलाइनला जास्त, पण तुटलेल्या मिक्सरच्या भांड्याचं झाकण आज संध्याकाळी हवं असेल तर तिथे मिळत नाही. त्याने खेळणी आणि प्रसाधनं काढली, गास्केट, शिट्ट्या, झाकणं, बर्नर ठेवले. विक्री थोडी, पण मार्जिन दणकून.

माघार

२०२३ मध्ये त्याने हॉल सोडला. आतून बाहेर येणं हे आत जाण्यापेक्षा अवघड असतं, कारण गावाला वाटतं दुकान बसलं. दोन महिने लोक विचारत होते. एसी आणि फ्रीझर विकून कर्जाचा मोठा तुकडा फेडला. घरची जागा आणि मागची खोली, त्यात चार रॅक स्वतः घ्यायच्या मालाचे, बाकी पुन्हा पोती आणि तराजू. तीन माणसं.

सुट्या मालावर तो परत आला, ते गतकाळाच्या प्रेमाने नव्हे. पॅकबंद साबणाचा भाव कुणीही फोनवर बघतो. मोंढ्यातून हंगामात घेतलेल्या, चाळून निवडलेल्या तुरीच्या डाळीचा भाव असा ताडून बघता येत नाही, आणि लातूर भाग हा डाळमिलांचा, माल जवळचा. त्या डाळीवर त्याला १५-१६ टक्के सुटतात. साबणावर तो आता ४-५ टक्केच ठेवतो, लोकांनी महाग म्हणू नये म्हणून. कलनच्या पत्रातली चार पायऱ्यांची युक्ती हीच होती, फक्त इथे कुणी ती वाचलेली नाही.

विक्री ७ लाख, सरासरी ११ टक्के, म्हणजे ७७ हजार. पगार २७ हजार, वीज ४, व्याज ८, बाकी ६. खर्च ४५ हजार, उरले ३२. शंभराला साडेसहा रुपयांच्या आत.

हे वाचून तो जिंकला असं वाटेल, पण ३२ हजारांत एक खर्च लपलेला आहे. उधारी परत आली. जूनमध्ये पेरणी झाली की शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, आणि सोयाबीन निघतं सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात. “लिहून ठेवा शेट, सोयाबीन इकलं की देतो.” त्या चार-पाच महिन्यांत सरासरी ३ लाख रुपये बाहेर असतात. वर्षाला १२ टक्क्यांनी धरलं तर महिन्याला ३ हजारांचं व्याज तो सोसतो, म्हणजे खरी शिल्लक त्या महिन्यांत २९ हजारच. व्याज तो लावत नाही. रोखीच्या गिऱ्हाइकाला साबण ९६ ला, वहीवाल्याला छापील किमतीला. व्याजच ते, फक्त बिलात दिसत नाही.

जिल्ह्याचं दालन आणि ऑनलाइन बाजार ही सेवा देत नाहीत, म्हणून वहीतलं गिऱ्हाईक त्याचं पक्कं. पण ही पकड सोयाबीनच्या भावावर टांगलेली आहे. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याखालीच विकावं लागत होतं. त्या डिसेंबरपर्यंत ३ लाखांपैकी २ लाख १० हजार आले, ९० हजार तुरीवर ढकलले गेले. मॅकनेअरच्या चाकात पाऊस आणि हमीभाव यांना जागाच नाही. उधारीला तो फक्त सेवा मानतो, म्हणजे खर्च. इथे ती खर्च आहे, गिऱ्हाईक बांधणारी दोरी आहे आणि शेतीतला सट्टाही आहे.

त्यानंतर मुलाने मर्यादा घातली. पेऱ्याच्या एकराला दीड हजार, वही चार पानांपुढे गेली की तेल आणि साखर रोखीने, डाळ-मीठ-मसाला वहीत. वडिलांना हे पटलेलं नाही, ते अजून माणूस बघून लिहितात. दोघांच्या दोन वह्या आहेत, आणि बुडीत रक्कम कुणाच्या वहीत जास्त, हे दर तीन महिन्यांनी मी काढून देतो. आतापर्यंत वडिलांच्या वहीत कमी बुडालंय, पण त्यांची गिऱ्हाइकं तीस वर्षांची आहेत. नवी सगळी मुलाकडे.

हॉल अजून रिकामाच आहे. घरमालकाने भाडं २२ वरून १८ हजारांवर आणलंय आणि मुलाच्या डोक्यात पुन्हा तो विषय आहे. ११ टक्क्यांनी १८ हजार भागवायला महिन्याला १ लाख ६४ हजारांची जादा विक्री लागते, आणि त्यात माणूस आणि वीज धरलेली नाही. कुठल्या मालाची ती असेल ते लिहून आण, असं मी त्याला सांगितलंय.